पोट बांधणारी गोळी

सकाळी पावणेसातला फोन वाजला. आमच्या तालुक्याच्या गावातल्या शाळेत कारकून असलेले एक गृहस्थ. वय चव्वेचाळीस, एरवी तब्येत ठणठणीत, आवाजात मात्र घाबरगुंडी. "डॉक्टर, साडेपाचपासून चार वेळा जाऊन आलो. अकराच्या एस.टी.ने मुलीला घेऊन पुण्याला जायचंय, कॉलेजात प्रवेशाचे कागद जमा करायचेत. आजच शेवटची तारीख. घरात ती जुलाब थांबवायची पांढरी गोळी पडली आहे. घेऊ का?"

ही पांढरी गोळी म्हणजे लोपेरामाइड. गोळी असो की कॅप्सूल, बहुधा दोन मिलिग्रॅमची. अख्खी पट्टी विकत घेणारा विरळाच. "दोनच द्या" म्हटले की दुकानदार पट्टी कात्रीने कापून देतो, आणि त्या कापलेल्या तुकड्यावर कधी नाव उरते, कधी तेही नाही. मग तो तुकडा देवघराच्या कोनाड्यात, औषधांच्या डब्यात किंवा प्रवासाच्या पिशवीच्या कप्प्यात वर्षानुवर्षे राहतो आणि पोट बिघडलेल्या पहाटे आठवतो.

मी लगेच हो किंवा नाही म्हटले नाही. आधी विचारले, ताप आहे का? त्यांनी थर्मामीटर लावून पाहिले, नव्हता. संडासला रक्त किंवा आव पडली का? नाही, निव्वळ पिवळसर पाणी. पोट दुखतेय की नुसते गुरगुरतेय? जायच्या आधी कळ येते आणि जाऊन आल्यावर थांबते, असे उत्तर आले. लघवी झाली का? झाली, दोनदा. गेल्या महिना-दीड महिन्यात कसली अँटिबायोटिक गोळी घेतली होती का? नाही. रोजची औषधे कोणती? काहीच नाहीत. आदल्या रात्री एका पूजेच्या पंगतीत जेवले होते आणि पंगतीतल्या आणखी दोघांचीही पोटे सुटली होती. एवढे ऐकून मी म्हटले, घ्या. पण आधी पाणी, मग गोळी. किती आणि कधी, ते नीट सांगतो.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका माणसाला हीच गोळी थेट रुग्णालयात घेऊन गेली. ती हकीकत पुढे येईलच. दोन्ही माणसे तरुण म्हणावीत अशीच, गोळीही तीच. फरक पडला तो त्यांच्या जुलाबांत.

आधी ही गोळी पोटात जाऊन करते काय, ते पाहू. आपण दिवसाला दीड-दोन लिटर पाणी, चहा, आमटी पितो. त्याशिवाय लाळ, जठररस, पित्त, आतड्यांचे पाचकरस असे मिळून आणखी सातेक लिटर द्रव शरीर स्वतःच आतड्यात ओतत असते. म्हणजे रोज सुमारे नऊ लिटर द्रव आतड्यातून जातो आणि संडासवाटे बाहेर पडतो जेमतेम शंभर ते दोनशे मिलिलिटर. बाकीचे सगळे आतडे परत शोषून घेते. या शोषणाला वेळ लागतो. आतड्याच्या भिंतीत चेतातंतूंचे एक दाट जाळे आहे. ते आतड्याला लाटांसारखे आवळत-सैलावत मजकूर पुढे ढकलते. जंतूंनी किंवा त्यांच्या विषाने आतडे चिडले की या लाटा भराभर येतात, आतड्यात पाणी सुटते आणि जे परत शोषले जायचे ते तसेच बाहेर पडते.

त्या चेतातंतूंवर काही खास जागा असतात. अफूतली द्रव्ये नेमकी तिथे जाऊन बसतात आणि आतड्याच्या लाटा मंदावतात. अफूने पोट बांधते ही गोष्ट आपल्याकडे काही नवी नाही. आयुर्वेदात अतिसारावर दिल्या जाणाऱ्या कर्पूररसात अहिफेन, म्हणजे अफू, असतेच. अडचण एवढीच की अफू पोटाबरोबर डोक्यालाही चढते. बेल्जियममधल्या यान्सेन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९६९मध्ये लोपेरामाइड तयार केले ते या अडचणीवरचा तोडगा म्हणून. जातकुळी अफूच्या द्रव्यांचीच, पण मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जे पहारेकरी प्रथिन असते, ते लोपेरामाइडला आत शिरू न देता परत रक्तात ढकलते. त्यामुळे नेहमीच्या मात्रेत ते पोटापुरतेच राहते. नशा नाही, झोप नाही. क्वचित कुणाला थोडी गुंगी किंवा चक्कर येते, म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्याने त्या दिवशी गाडी चालवू नये, इतकेच.

म्हणजे ही गोळी आतड्याचा वेग कमी करते, त्यातून पाणी शोषायला वेळ मिळतो, आणि गुदद्वाराचा स्नायूही थोडा घट्ट होतो, त्यामुळे "आत्ताच जायला हवे" ही घाई कमी होते. एस.टी.त साडेतीन तास बसायचे असेल तर हा शेवटचा गुण सोन्याचा आहे. पण जंतू मारणे, त्याचे विष उतरवणे किंवा आतड्याला पडलेले व्रण भरून काढणे यातले काही लोपेरामाइडला जमत नाही. शरीरातून आधीच गेलेले पाणी आणि मीठही ते परत आणत नाही.

इथे आजीबाईंचे एक मत आठवते. "होऊ दे जुलाब, पोटातली घाण निघून जाते." या मताला मी पूर्वी हसत असे. आता तितकासा हसत नाही, कारण त्यात अर्धे खरे आहे. पाण्यासारख्या साध्या जुलाबांत जंतू सहसा आतड्याच्या आतल्या पृष्ठभागावरच राहतात, त्यांच्या विषाने आतड्यात पाणी सुटते आणि एक-दोन दिवसांत शरीर ते निस्तरते. प्रवाशांना होणाऱ्या जुलाबांत धडधाकट माणसांनी लोपेरामाइड घेतले तर आजार लांबत नाही, उलट फेऱ्या लवकर कमी होतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. इथे आजीबाई चुकतात. पण जंतू आतड्याच्या भिंतीत घुसून तिला जखमा करत असतील, तर बाहेर फेकले जाणारे रक्त, आव आणि जंतू आत कोंडून ठेवणे महागात पडते. आपण ज्याला मुरडा किंवा रक्ती आव म्हणतो तो हा प्रकार, आणि तिथे आजीबाईंचे बरोबर ठरते. १९७३ साली डुपाँ आणि हॉर्निक या अमेरिकी डॉक्टरांनी लोमोटिल या औषधाबद्दल नेमके हेच दाखवले होते. लोमोटिल हे लोपेरामाइडचे थोरले भावंड, आतड्यावरचे काम तेच. शिगेला जंतूची लागण झालेल्यांपैकी ज्यांनी ते घेतले, त्यांचा ताप जास्त दिवस टिकला.

आता ती दुसरी हकीकत. एका खाणावळीत काम करणारा एकोणतीस वर्षांचा तरुण. त्याला त्याचा थोरला भाऊ मोटारसायकलवर मागे बसवून, कमरेला स्वतःच्या अंगाशी बांधून घेऊन आला. भाऊच बोलत होता. "परवापासून पोट बिघडलंय. मेडिकलमधून गोळ्या आणल्या. काल दुपारपासून सहा घेतल्या. जुलाब एकदम बंद झाले, रात्रीपासून एकदाही गेला नाही. मग हे असं का झालं?"

ताप होता १०२.४. नाडी मिनिटाला ११८. पोट ढोलासारखे फुगलेले, बोटाने ठोकले तर पोकळ आवाज, जणू आत नुसता वारा. स्टेथोस्कोप पोटावर ठेवून मी चांगला दोन मिनिटे ऐकले. एरवी आतडे गुडगुड बोलत असते. इथे जवळजवळ सामसूम. गॅस सरला का, विचारले, तर कालपासून नाही. दोनदा हिरवट उलटी झाली होती. मग मी भावाला बाहेर बसवले आणि त्याला एकट्याला विचारले, पहिल्या दिवशी संडासचा रंग काय होता? तो मान खाली घालून म्हणाला, "लालसर होतं, शेंबडासारखं. सांगायला कसंतरी वाटलं."

त्या लाजेपायी औषधाच्या दुकानात त्याने फक्त "जुलाब" एवढाच शब्द उच्चारला होता. पलीकडून कुणी दुसरे काही विचारले नाही. रक्त-आवेच्या जुलाबात, ताप असताना, त्याने आतडे जवळजवळ थांबवून टाकले. आत जखमा, जंतू, वायू आणि पाणी साचत राहिले आणि वरून जुलाब "बंद" झाल्याचे समाधान. मी त्याला लगेच जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. तिथे एक्स-रेमध्ये मोठे आतडे वायूने फुगलेले दिसले. तोंडाने काही नाही, नाकातून नळी, शिरेतून सलाइन आणि अँटिबायोटिक, लोपेरामाइड अर्थातच बंद. तिसऱ्या दिवशी गॅस सरला आणि त्या वॉर्डात त्या आवाजाचे जे स्वागत झाले म्हणतात, तसे एखाद्या गवयाचेही होत नसेल. तो सावरला. मोठे आतडे असेच फुगत राहिले तर त्याला भोक पडण्याचा धोका असतो आणि तिथून पुढची गोष्ट शस्त्रक्रियेची असते.

म्हणून गोळी घ्यायच्या आधी कमोडमध्ये डोकवावे. किळसवाणे वाटेल, पण फुकटात एवढी मोलाची तपासणी दुसरी नाही. लाल रक्त, शेंबडासारखी आव किंवा डांबरासारखा काळा रंग दिसला तर लोपेरामाइडला हात लावू नये. १०१च्या वर ताप असेल तरी नको. पोट सतत दुखत असेल, फुगले असेल, हात लावताच कळ येत असेल तर नको. आणि एक प्रश्न लोक हमखास विसरतात. नुकतीच एखादी अँटिबायोटिक घेतली होती का? अशा औषधांनी आतड्यातले नेहमीचे जंतू मरतात आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या एका चिवट जंतूला रान मोकळे मिळते. त्याच्या विषाने होणाऱ्या जुलाबांत आतडे थांबवणे म्हणजे विष आत मुरवणे. दात काढल्यावर किंवा घशासाठी घेतलेला अँटिबायोटिकचा कोर्स संपून तीन आठवडे झाले तरी तो हिशेबात धरायचा. ज्यांना आतड्याला व्रण पडण्याचा जुना आजार आहे, ज्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात, त्यांनी तो उसळलेला असताना ही गोळी मनाने घेऊ नये.

पटकीसारख्या भयंकर पाणीदार जुलाबांतही तिचा उपयोग नाही, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. रक्त नाही, फारसा ताप नाही, भाताच्या पेजेसारखे पाणी लिटरलिटरने जाते आहे. वरवर पाहता गोळीसाठी याहून योग्य जुलाब नाहीत. पण तिथे आतड्याच्या भिंतीतून पाणी इतक्या जोराने सुटते की वेग कमी करून ते आटोक्यात येत नाही. झालेच तर ते आतड्यातच साचून राहते. संडासच्या फेऱ्या कमी दिसतात, पण शरीराचे पाणी गेलेलेच असते, फक्त ते कमोडऐवजी पोटात असते. फेऱ्या मोजून आपली सुधारणा ठरवणारा माणस इथे फसतो. मोजायची तर लघवी मोजावी. सहा तासांत लघवी झाली नाही, झाली ती गडद पिवळी आणि थेंबभर, जीभ कोरडी पडली, उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर जुलाब दोन असोत की वीस, माणूस कोरडा पडत चालला आहे.

लहान मुलांचा मुद्दा वेगळा काढून सांगतो, कारण त्यात अपवाद शोधण्याची सवय आपल्याला आहे. "अर्धी देऊ का? पाव देऊ का?" असे आया विचारतात. नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला तर मुळीच नाही, आणि जंतूंमुळे झालेल्या तीव्र जुलाबांत अठरा वर्षांखाली कुणालाच देऊ नये, असे अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेची २०१७ची मार्गदर्शक सूत्रे सांगतात. यामागे दुःखाचा इतिहास आहे. एके काळी लोपेरामाइडचे थेंब बाळांसाठी विकले जात. पाकिस्तानात १९८९-९०च्या सुमारास हे थेंब दिलेली अर्भके आतडी लुळी पडून, पोटे फुगून दगावली. त्यानंतर १९९०मध्ये ते थेंब तिथून काढून घेतले गेले. तान्ह्या बाळात मेंदूच्या दारावरचा तो पहारेकरीही अजून पक्का झालेला नसतो, आणि त्यातून बाळ जुलाबांनी सुकलेले असेल तर औषधाचा परिणाम किती होईल याचा भरवसा उरत नाही. बाळाला द्यायचे ते ओआरएस, आईचे दूध, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज वीस मिलिग्रॅम, त्याखाली दहा, चौदा दिवस. तीन दिवसांत जुलाब थांबले म्हणून झिंक थांबवायचे नसते, हे मात्र आयांना दोनदा सांगावे लागते.

आता कारकुनांकडे परत. त्यांचा दिवस मी घड्याळ लावून लिहून ठेवला होता, तोच इथे देतो.

सव्वासात वाजता त्यांनी ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळले. पाकिटावर लिहिलेल्या मापातच. अर्ध्या लिटरमध्ये कालवले तर ते फार खारट होते आणि उलट नुकसान करते. एका वेळी घटाघटा पिण्याऐवजी पाच-दहा मिनिटांनी पाव पेला, असे सुरू केले. पाकीट नसते तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ सांगितले असते. चमचा चहाचा आणि सपाट. ढीग भरला की प्रमाण बिघडले. साखर आणि मीठ आतड्याच्या एकाच दाराने जोडीने आत शिरतात आणि पाण्याला सोबत ओढून नेतात. जुलाब चालू असतानाही ते दार बहुतेक वेळा उघडे असते. १९७१च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपांतून वाटून असंख्य जीव वाचवले होते. दुकानात मिळणारी गोड फळांची पेये, डब्यावर काहीही छापलेले असले तरी, हे काम करत नाहीत. त्यांतली जास्तीची साखर उलट आतड्यात पाणी ओढते.

सव्वासातलाच त्यांनी दोन गोळ्या एकदम घेतल्या. चार मिलिग्रॅम, मोठ्या माणसाची पहिली मात्रा. यानंतर मी एक गोष्ट बजावून सांगितली होती. गोळीला वेळ द्या. पोटात जाऊन परिणाम दिसायला तासभर तरी जातो आणि रक्तातले तिचे प्रमाण वर चढायला चांगले चार-पाच तास लागतात. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात परत जावे लागले म्हणून तिसरी, मग चौथी, असे करणारे लोक मी पाहिले आहेत. सगळ्या गोळ्यांचा परिणाम दुपारी एकदम एकत्र येतो आणि पुढचे तीन दिवस पोट दगडासारखे होते.

आठ वीसला पातळ जुलाब झाला. तिसरी गोळी घेतली. साडेनऊला पुन्हा गेले, पण या वेळी पातळ नव्हते, मऊ होते. मऊ संडासला गोळी नाही, हे मी आधीच सांगितले होते, आणि त्यांनी फोन करून पुन्हा विचारून घेतले. पुढचा जुलाब होईल या भीतीने गोळी घ्यायची नसते. झालेल्या पातळ जुलाबासाठी घ्यायची असते. यातले अंतर कळले की निम्मे प्रश्न सुटतात. अकराच्या एस.टी.त बसताना त्यांच्या खिशात चौथी गोळी होती. डॉक्टरांना न विचारता स्वतः घेताना चोवीस तासांत आठ मिलिग्रॅम, म्हणजे चार गोळ्या, ही सीमा अमेरिकेत पाकिटावर छापलेली असते आणि मलाही तीच पटते. डॉक्टर देखरेखीखाली सोळा मिलिग्रॅमपर्यंत देऊ शकतात, पण तो निर्णय समोर बसून पोट तपासल्यावरचा असतो. वाटेत एकदा ढाब्यावर गाडी थांबली तेव्हा ते जाऊन आले, पुन्हा मऊच. चौथी गोळी पुण्यापर्यंत खिशातच राहिली. वाटेत ताक-भात आणि केळे खाल्ले. दिवसाला एकूण सहा मिलिग्रॅम. दोन दिवसांत फरक पडला नाही, मध्येच ताप किंवा रक्त दिसले, तर गोळी बंद करून येऊन भेटायचे, हे ठरलेले होते. तशी वेळ आली नाही.

मात्रेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जी आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. लोपेरामाइड मेंदूत शिरत नाही हे नेहमीच्या मात्रेपुरते खरे. अमेरिकेत नशेच्या गोळ्यांना चटावलेल्या काही लोकांनी ते पट्ट्याच्या पट्ट्या गिळून पाहिले. डझनावारी गोळ्या गेल्या की तो पहारेकरीही कमी पडतो आणि हृदयाच्या ठोक्यांची विद्युतलय बिघडते. ठोके अचानक वेडेवाकडे होऊन माणूस जागीच कोसळतो. २०१६मध्ये तिथल्या एफडीएने याबद्दल इशारा दिला आणि पुढे एका पाकिटात किती गोळ्या असाव्यात यावर मर्यादा आणली. आपल्या घरातल्या कुणी नशेसाठी हे करणार नाही, हे मान्य. पण त्याच हृदयाच्या कारणाने, ज्यांना ठोक्यांचा आजार आहे किंवा ज्यांना ईसीजीत क्यूटी लांबल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे, त्यांनी साध्या मात्रेतही आधी विचारावे. बुरशीवरची इट्राकोनॅझोलसारखी गोळी, क्लॅरिथ्रोमायसिन, एचआयव्हीच्या उपचारातले रिटोनॅविर ही औषधे लोपेरामाइडला रक्तात चढू देतात. गजकर्णासाठी आजकाल इट्राकोनॅझोल महिनामहिना सर्रास दिले जाते, म्हणून हा उल्लेख मुद्दाम. यकृत बिघडलेल्या माणसातही औषध नीट फुटत नाही, तिथेही जपून.

सगळे नियम उलटे होतात अशी एक जागा आहे, आणि ती सांगितली नाही तर हा लेख वाचून कुणी रुग्ण उपचार थांबवायचा. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी इरिनोटेकान नावाचे औषध शिरेतून देतात. त्याने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोरदार जुलाब होऊ शकतात आणि तिथे कर्करोगतज्ज्ञ आधीच लोपेरामाइड घरी नेऊन ठेवायला सांगतात. पहिल्या पातळ जुलाबालाच चार मिलिग्रॅम, मग दर दोन तासांनी दोन, जुलाब थांबून बारा तास होईपर्यंत, अशा प्रकारची ती मात्रा असते. वर सांगितलेली चार गोळ्यांची सीमा तिथे लागू नाही. ती मात्रा त्या रुग्णाची, त्या डॉक्टरांनी लिहून दिलेली. शेजाऱ्याने ती उसनी घ्यायची नाही. तसेच पोटात पिशवी लावलेले, म्हणजे लहान आतडे बाहेर काढून जोडलेले रुग्ण, किंवा चिडखोर आतड्याच्या विकाराने वर्षानुवर्षे हैराण झालेले लोक डॉक्टरांच्या सल्ल्याने ही गोळी दीर्घकाळ घेतात. चिडखोर आतड्यावाल्यांना तर प्रवासाआधी एखादी गोळी मोठाच धीर देते. ज्यांच्या पोटाने लग्नसमारंभ आणि सभा बुडवल्या आहेत त्यांना विचारा.

कारकून चौथ्या दिवशी दवाखान्यात आले. मुलीचा प्रवेश झाला होता, पेढ्यांचा पुडा आणला होता. बसले, इकडे तिकडे पाहिले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "डॉक्टर, परवापासून झालीच नाही बघा. एखादी जुलाबाची गोळी द्या ना." मी पुडा टेबलावर सरकवला आणि सांगितले, आज पपई खा, पाणी भरपूर प्या, उद्या सकाळपर्यंत वाट पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला फोन आला नाही.